मालिकेतला इतिहास खरा किती, हे प्रश्नमंजूषेआधी कसं तपासावं

गल्लीतल्या मंडळाची प्रश्नमंजूषा असो की शाळेची, ‘मालिकेत दाखवलंय म्हणजे खरंच’ असं म्हणणारा एक गट असतो आणि ‘मालिका म्हणजे सगळी थाप’ म्हणणारा दुसरा. मला दोघांचाही कंटाळा आलाय. दोघंही आख्खा प्रसंग एकदम खरा किंवा खोटा ठरवतात.

आधी प्रश्न नीट वाचा. ‘मालिकेत कोणी म्हटलं’ असं विचारलं असेल तर इतिहास बाजूला ठेवून उत्तर द्या.

मग प्रसंगाचे तुकडे पाडा. खरी गोची इथंच आहे. आपल्या गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीचंच घ्या. फेब्रुवारी 1674 मध्ये सरनोबत, म्हणजे शिवाजी महाराजांचे सेनापती, प्रतापराव गुजर विजापूरचा सरदार बहलोलखान याच्याशी लढताना पडले. पडद्यावर काय दिसतं? महाराजांचा ‘तोंड दाखवू नका’ हा निरोप, सात घोडेस्वार, प्रत्येकाचं नाव, दौडण्याआधीची भाषणं. हे चार वेगळे दावे आहेत, आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा शोधायचा.

निरोप ऐकून वाटतं, हे नक्की लेखकानं रचलेलं. पण खान बुडवून फत्ते करा, नाहीतर तोंड दाखवू नका, असा मजकूर सभासद बखरीत आहे. बखर साधारण 1694 ची, म्हणजे वीस वर्षांनंतरची. त्यामुळे आशय घ्या, शब्द न् शब्द महाराजांचा म्हणून छातीठोकपणे सांगू नका. सातचा आकडा मात्र सभासदात नाही, तिथं ‘मोठं युद्ध’ झालंय. तेवढ्यावरून ‘सात ही दंतकथा’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याचं एप्रिल 1674 चं पत्र पाहावं: दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणि सहा स्वार मारले गेले, बाकी फौजेची कुमक आली नाही. घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत लिहिलेलं हे पत्र. आकडा टिकतो.

सहा साथीदारांची नावं पाठ करून येणाऱ्यांना मी नेहमी अडवतो. ती नावं या पत्रातही नाहीत, सभासदातही नाहीत. ‘परंपरेनं सांगितली जाणारी नावं’ एवढंच म्हणा. आणि भाषणं? सातही जण पडले, तर खिंडीतलं बोलणं ऐकून सांगायला मागं उरलं कोण? मरणाआधीचा एकांतातला संवाद दिसला की तो लेखकाचा, असं मी धरूनच चालतो.

तारीख आणि ठिकाण तपासणं सोपं. चांगल्या चरित्राच्या सूचीत पाच मिनिटांत सापडतं.

प्रश्न काढणारे तुम्हीच असाल तर ‘सहा वीरांची नावं सांगा’ विचारू नका. ‘प्रतापरावांनंतर सरनोबत कोण झाले?’ विचारा. हंबीरराव मोहिते, यावर भांडण होत नाही.