विजयदुर्गाचा कॅरोसेल टाकण्याआधी : फोटो, वाक्य आणि माहिती कुणाची?

समजा, इन्स्टाग्रामसाठी विजयदुर्गावर आठ स्लाइडचा कॅरोसेल करायचाय. पहिल्या स्लाइडवर किल्ल्याचा ड्रोन फोटो, मध्ये आरमाराबद्दलचं एखादं दणदणीत वाक्य आणि शेवटाकडे ‘हेलियमचा शोध इथे लागला’ ही माहिती. कोकणातली निम्मी पेजेस हे करतात आणि बहुतेकांचं तीनही ठिकाणी चुकतं. म्हणून डिझाइन उघडण्याआधी एक साधं शीट करावं. प्रत्येक स्लाइडसाठी एक ओळ : काय वापरलंय, मूळ कुणाचं, कुठून घेतलं, लिंक, परवाना, उतरवल्याची तारीख आणि आपण त्यात काय बदललं. श्रेयाची ओळ शेवटी आठवून लिहायची नसते, ती या शीटमधून उचलायची असते.

सुरुवात माहितीपासून करू, कारण तिथली चूक सर्वांत जास्त फिरते. ‘लॉकियरने १८६८ साली विजयदुर्गावरून हेलियम शोधला’ हे वाक्य मराठीत शेकडो ठिकाणी सापडतं, पण शब्दरचना जवळपास एकच असते. म्हणजे ते शेकडो पुरावे नव्हेत, एकाच मजकुराच्या नकला आहेत. १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तेव्हा भारतात नव्हतेच. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि त्यातली, पुढे हेलियमची ठरलेली, पिवळी रेषा नोंदवली. विजयदुर्गावर ते खरोखर आले, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना पृथ्वीवर हेलियम सापडून जवळपास तीन वर्षं झाली होती. दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आणि किल्ल्याला भलताच शोध चिकटला.

हे तपासायचं तर मराठी लेखांत फिरून उपयोग नाही. लॉकियर यांच्या चमूचे अहवाल रॉयल सोसायटीने छापले आहेत आणि त्यांत गावाचं नाव Viziadrug असं आहे. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर ते सहज हाती लागत नाहीत, जुन्या स्पेलिंगने लागतात. कोकणातल्या कुठल्याही गावाचं ब्रिटिशकालीन कागदपत्रांतलं स्पेलिंग आधी काढून ठेवावं. स्लाइडवर मग खरं तेच लिहावं, ‘१८९८च्या ग्रहणासाठी लॉकियर विजयदुर्गावर आले’, आणि खाली लेखक, प्रकाशन, वर्ष. नुसतं ‘स्रोत : गूगल’ किंवा ‘स्रोत : इंटरनेट’ म्हणजे स्रोत न देणंच. कॅप्शनमधल्या लिंकवर टॅप करून काही उघडत नाही, त्यामुळे शोधून सापडेल इतका पूर्ण संदर्भ हवा.

आता ते दणदणीत वाक्य. ‘ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र’ हे शिवाजी महाराजांच्या चित्रावर, खाली त्यांच्या नावानिशी, सर्रास दिसतं. ते आहे आज्ञापत्रातलं, आणि आज्ञापत्र रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर आहे, महाराजांच्या निधनानंतर तीसहून अधिक वर्षांनी लिहिलेलं. विचार शिवकाळातल्या धोरणाचा आहे असं खुशाल म्हणा, पण अवतरणचिन्हं घालून महाराजांच्या तोंडी घालू नका. अवतरणचिन्हं म्हणजे ‘हे शब्द याच माणसाचे’ असा दावा असतो. ग्रंथ एवढा जुना आहे की मूळ मजकुरावर कुणाचा कॉपीराइट नाही. मात्र अलीकडच्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि आधुनिक मराठीतला अनुवाद संपादकाचा असतो, त्याला कॉपीराइट असतो. पाठभेदही असतात. म्हणून कोणती आवृत्ती आणि कोणतं पान, हे शीटमध्ये हवंच.

फोटोंना वेळ जास्त द्यावा लागतो. दुसऱ्या पेजवरचा ड्रोन फोटो उचलून ‘फोटो साभार’ लिहिणं किंवा त्याला टॅग करणं म्हणजे परवानगी नव्हे. श्रेय आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय कायद्यात ‘इतके टक्के वापरलं तर चालतं’ अशी मोजपट्टीही नाही. मेसेज असा करावा : ‘नमस्कार, तुमचा विजयदुर्गाचा हा फोटो आमच्या इन्स्टाग्राम कॅरोसेलच्या पहिल्या स्लाइडवर वापरायचा आहे. वर शीर्षक येईल, कडा कातरल्या जातील. पेजवर जाहिराती आहेत. फोटो तुम्हीच काढलाय ना? श्रेयात नाव कसं लिहू?’ ‘तुम्हीच काढलाय ना’ हे विचारायला लाजू नये. पर्यटनाच्या पेजवर फोटो दिसतो म्हणजे तो त्यांचाच असेल असं नाही. होकाराचा स्क्रीनशॉट शीटला जोडावा.

विकिमीडिया कॉमन्सवरून घेतलात तर फाइलच्या पानावर Author आणि Source या दोन रकाने बघा. चढवणारा आणि काढणारा एकच असेल असं नाही. Source मध्ये फेसबुकची लिंक असेल, फोटो जेमतेम ७०० पिक्सेल रुंद असेल आणि कॅमेऱ्याचा तपशीलच नसेल, तर तो कुणीतरी ढापून चढवलेला असण्याची दाट शक्यता आहे. रिव्हर्स इमेज सर्चने मूळ शोधा, सापडलं नाही तर सोडून द्या.

परवाना CC BY-SA 4.0 असेल तर नाव, परवाना आणि केलेले बदल सांगावे लागतात. ओळ अशी : ‘फोटो : (पानावर आहे तसंच नाव), विकिमीडिया कॉमन्स, CC BY-SA 4.0, कडा कातरल्या, वर मजकूर घातला’. फाइलची आणि परवान्याची लिंक कॅप्शनमध्ये द्यावी. इथे एक मेख आहे. फोटोवर मजकूर-रंग चढवून नवं चित्र केलंत, तर ती स्लाइडही त्याच परवान्याखाली खुली करावी लागते. ते नको असेल तर फोटो न बदलता ठेवा आणि मजकूर खालच्या कोऱ्या पट्टीत घ्या. परवान्यात ND, म्हणजे बदलाला मनाई, असेल तर त्यावर मजकूर घालू नका, आणि NC, म्हणजे व्यावसायिक वापराला मनाई, असेल तर जाहिरातीच्या किंवा होमस्टेच्या पेजवर तो वापरू नका.

जुन्या छापील फोटोचा हिशोब वेगळा. २०१२च्या कायदादुरुस्तीनंतर नुसतं छापल्याचं वर्ष पुरत नाही, फोटो काढणाऱ्याच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची.  घरच्या अल्बममधला, कधीच न छापलेला फोटो असेल तर घरच्यांना आणि फोटो काढणाऱ्याला विचारा.

श्रेय ज्या स्लाइडवरचं त्याच स्लाइडवर लिहा. सगळं शेवटच्या स्लाइडवर कोंबलं की मधली एखादी स्लाइड व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला एकटीच जाते आणि तिच्यावर कुणाचंच नाव नसतं. १०८० बाय १३५०च्या स्लाइडवर खालच्या बाजूला २४ ते २८ पिक्सेलची अक्षरं फोनवर वाचता येतात. वरच्या उजव्या कोपऱ्यात स्लाइडचा आकडा येतो, तिथे काही लिहू नका. पहिल्या स्लाइडला दोन्ही बाजूंनी साठेक पिक्सेल मोकळे ठेवा, कारण प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये कडा कापल्या जातात आणि नेमकं फोटोग्राफरचं नावच अर्धं होतं.

पोस्ट केल्यावर कॅप्शन बदलता येतं, पण स्लाइडमधलं चित्र बदलता येत नाही. चूक निघाली तर ती एकच स्लाइड काढून टाका, कॅप्शनच्या पहिल्या ओळीत काय चुकलं होतं ते लिहा आणि हीच दुरुस्ती कॉमेंटमध्ये टाकून पिन करा. कॅप्शन तर फारसं कुणी उघडून वाचत नाही.