पॅनेलमधल्या चौघांना थँक यू मेल पाठवताय? या चुका टाळा

मी वेर्ण्याला एका कंपनीत सहा वर्षं एचआरमध्ये होते, त्यामुळे इंटरव्ह्यूनंतर येणारे थँक यू मेल मी दुसऱ्या बाजूने बघितलेत. कॅन्डिडेटला वाटतं की क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोलच्या मॅनेजरला पाठवलेला मेल क्यूसी मॅनेजरच वाचणार आणि प्रॉडक्शनवाल्याला पाठवलेला प्रॉडक्शनवालाच. तसं नसतं हो. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनेलमधला एकेक जण तो मेल एचआरला फॉरवर्ड करतो, फाईलला लाव म्हणून, आणि चारही मेल माझ्या स्क्रीनवर एकाखाली एक येऊन पडायचे. एकेकटे वाचले तर चारही ठीक, पण एका दमात वाचले की साचा लगेच उघडा पडतो.

एकदा एका मुलाचे चार मेल आले. पहिल्यात 'आपला बहुमूल्य वेळ दिल्याबद्दल', दुसऱ्यात 'आपला मौल्यवान वेळ दिल्याबद्दल', तिसऱ्यात 'आपला अमूल्य वेळ'. पुढचं वाक्य चौघांनाही तेच, आपल्याशी झालेली चर्चा खूप माहितीपूर्ण होती. आता त्या पॅनेलवरचे प्रॉडक्शनचे सर अख्ख्या इंटरव्ह्यूत गप्प बसले होते, त्यांनी फक्त एसी जास्त झालाय का एवढंच विचारलेलं. ते माझ्या टेबलापाशी येऊन खरंच गोंधळून विचारत होते की या मुलाशी मी कसली चर्चा केली. मुलगा हुशार होता, मेल पाठवायची तसदी त्याने घेतली होती, आणि तरी त्या मेलने त्याचं नुकसानच केलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

पहिली चूक : शब्द बदलले की मेल बदलला असं समजणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. एक मेल लिहायचा, मग तीन कॉपी काढून त्यात समानार्थी शब्द टाकायचे. सांगाडा तोच राहतो ना, आधी आभार, मग स्तुती, मग 'मी या पदासाठी उत्सुक आहे', मग 'आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत'. शब्द कितीही फिरवा, वाचणाऱ्याला सांगाडाच दिसतो.

आणि असं का होतं तर लिहायला बसेपर्यंत कोणी काय विचारलं हे डोक्यातून गेलेलं असतं. संध्याकाळी घरी येऊन चहा वगैरे घेऊन लॅपटॉप उघडला की सगळं पॅनेल एकच माणूस होऊन जातं. म्हणजे अडचण भाषेची नाहीये, हातात मालच नाहीये, आणि तो माल गोळा करायचा वेळ म्हणजे गेटबाहेर पडल्यापासूनची पहिली दहा-पंधरा मिनिटं.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण देते, म्हणजे नीट कळेल. ती क्यूसी ॲनालिस्टच्या जागेसाठी एका फार्मा कंपनीत गेलेली, पॅनेलवर चौघं, क्यूसीच्या मॅडम, क्यूए म्हणजे क्वालिटी ॲश्युरन्सचे सर, प्रॉडक्शनचे सर आणि एचआर. मी तिला आधीच सांगून ठेवलेलं की बाहेर पडलीस की आधी फोन करू नकोस, आधी लिही. तिने मडगावच्या कदंब स्टँडवर फोंड्याच्या बसची वाट बघत मोबाईलमध्ये चार ओळी टाइप केल्या:

क्यूसी मॅडम – ओओएस आला तर पहिलं काय. सोल्युशन ठेवायचं सांगायला विसरले.
क्यूए सर – ऑडिट ट्रेल रिझल्ट सोडायच्या आधीच बघतात म्हणाले.
प्रॉडक्शन सर – रात्री दोनला लाइन थांबलीय, रिझल्ट हवाय, काय सांगशील.
एचआर – नोटीस ३० दिवस, रिलीव्हिंग लेटर, बस कुठून.

बस्स एवढंच. प्रत्येकाच्या नावासमोर एक प्रश्न आणि जमलं तर त्यांनी स्वतः सांगितलेली एक गोष्ट. ही चिठ्ठी असली की चार मेल आपोआप चार वेगळे होतात, कारण मुळात चौघांशी वेगळंच बोलणं झालेलं असतं.

रात्री तिने मेल लिहिले ते इंग्रजीत, इथे मी त्यांचा मतलब मराठीत सांगते. क्यूसी मॅडमना तिने आभाराने सुरुवातच केली नाही, थेट मुद्द्यावर आली. ओओएस म्हणजे रिझल्ट ठरलेल्या मर्यादेबाहेर जाणं, त्यावर तिने सुपरव्हायझरला कळवेन, कॅल्क्युलेशन आणि इन्स्ट्रुमेंट तपासेन असं सांगितलं होतं, पण एक महत्त्वाची गोष्ट राहिलेली. म्हणून लिहिलं: "मॅडम, ओओएसच्या प्रश्नावर माझ्याकडून एक सांगायचं राहिलं. सॅम्पल आणि स्टँडर्डची सोल्युशन्स तपास होईपर्यंत मी टाकून देत नाही, लेबल लावून बाजूला ठेवते, कारण चूक तयारीत होती की इन्स्ट्रुमेंटमध्ये हे मग त्यांच्यावरूनच कळतं. हा प्रश्न इतका खोलात जाऊन विचारल्याबद्दल आभार." हा मेल दुसऱ्या कोणाला जाऊच शकत नाही. आणि राहिलेलं उत्तरही पोचलं, तेही रडगाणं न गाता.

ऑडिट ट्रेल म्हणजे कोणी, कधी, काय बदललं याची सिस्टीममध्ये राहणारी नोंद. त्यावरून क्यूएच्या सरांना तीनच ओळी: आभार, आणि "ऑडिट ट्रेल रिझल्ट सोडण्याआधी बघितला जातो हे तुम्ही सांगितलंत, म्हणजे चूक त्याच वेळी ॲनालिस्टपर्यंत पोचते, मला अशाच लॅबमध्ये काम करायचंय." प्रॉडक्शनच्या सरांना सुरुवात त्यांच्याच प्रश्नाने: "रात्री दोन वाजताच्या लाइनचा प्रश्न घरी येईपर्यंत डोक्यात होता. अंदाजाने रिझल्ट सांगणार नाही हे माझं उत्तर तेच आहे, पण किती वेळ लागेल हे मी आधीच खाली कळवायला हवं, हे तुमच्या प्रश्नामुळे सुचलं." आणि एचआरला चर्चा-बिर्चा काही नाही, नोटीस पिरियड ३० दिवस, रिलीव्हिंग लेटर कधी मिळेल, आणि इंटरव्ह्यू दिलेल्या वेळेवर सुरू केला त्याबद्दल धन्यवाद. एचआरवाल्यांना हेच हवं असतं, मी स्वतः सांगते.

बघा, चार मेलची सुरुवात वेगळी, लांबी वेगळी, आणि त्यासाठी तिने मुद्दाम काही केलं नाही. सब्जेक्ट लाइन मात्र चौघांना सारखीच होती, पदाचं नाव आणि इंटरव्ह्यूची तारीख, आणि खालची सहीसुद्धा. ते सारखंच असू द्या, तिथे वेगळेपणा कोणी शोधत नाही, उलट मेल शोधायला सोपा पडतो.

पाठवण्याआधी एक चाचणी करा. मेलमधलं नाव बोटाने झाका आणि तोच मेल पॅनेलमधल्या दुसऱ्याला पाठवला तर चालेल का बघा. चालत असेल तर तो साचाच आहे.

दुसरी चूक : वेगळं लिहायच्या नादात नको ते लिहिणं

क्यूएच्या मेलचा तिचा पहिला ड्राफ्ट असा होता की आमच्याकडे ऑडिट ट्रेल महिन्यातून एकदाच बघतात, तुमची पद्धत चांगली आहे. मी लगेच खोडायला लावलं. आत्ताच्या कंपनीची आतली गोष्ट, तीही लेखी, आणि वाचणारा क्यूएचा माणूस! तो पहिला विचार हाच करणार की ही उद्या आमचंही असंच बाहेर सांगेल.

तसंच चार मेलमध्ये चार वेगळ्या गोष्टी कबूल करू नका. एकाला सांगितलं पंधरा दिवसांत येते आणि एचआरला तीस दिवस, किंवा एकाला लिहिलं मला क्यूसीच आवडतं आणि क्यूएवाल्याला लिहिलं पुढे क्यूएमध्येच जायचंय, तर ते चार मेल एकत्र आल्यावर काय होतं ते वर सांगितलंच.

तिसरी चूक : नावं

गोव्यात ही जरा जास्तच होते. एकाच पॅनेलवर नाईक आडनावाचे दोघं असणं काही नवल नाही, आणि 'डिअर नाईक सर' लिहून भलत्याच नाईकांना मेल गेला की दोघांनाही कळतं. अशा वेळी पूर्ण नाव लिहा. फर्नांडिस, रॉड्रिग्ज यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये इथे शेवटी सहसा एस असतो, पण सवयीने झेड टाइप होतो, तेव्हा इंटरव्ह्यूच्या इन्व्हाइटमध्ये नाव जसं आहे तसंच घ्या. नाव विचारायचं राहिलं असेल तर सरळ एचआरला फोन करून विचारा, त्यात लाज कसली.

कॉपी-पेस्ट केल्याची आणखी एक खूण म्हणजे फॉन्ट. वर्डमधून उचललेलं वाक्य जीमेलमध्ये वेगळ्या आकारात बसतं आणि मधलंच वाक्य जाड-बारीक दिसतं. Ctrl+Shift+V ने पेस्ट केलं की फॉरमॅटिंग निघून जातं. आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये 'Undo Send' ३० सेकंदांवर करून ठेवा, चुकीचं नाव बहुतेक वेळा सेंड दाबल्याबरोबरच दिसतं.

तरीही चुकीच्या नावाने मेल गेलाच तर? त्याच दिवशी दोन ओळींचा मेल, नाव चुकलं, माफ करा, एवढंच. पहिला मेल पुन्हा पूर्ण पाठवू नका.

अडलं तर

पॅनेलवरचा एखादा काहीच बोलला नसेल तर चर्चेचा खोटा उल्लेख नको, दोन ओळींचा साधा आभाराचा मेल पुरे, आणि तो छोटा आहे याची लाज वाटून घेऊ नका. दोघांनी एकच प्रश्न विचारला असेल तर मुद्दा एकालाच लिहा, ज्यांनी पुढे उपप्रश्न विचारला त्यांना, दुसऱ्यासाठी दुसरं काही शोधा. फक्त एचआरचाच आयडी असेल तर बाकीच्यांचे आयडी अंदाजाने बनवत बसू नका, एचआरलाच एक मेल करा आणि त्यात प्रत्येकासाठी नावासकट एक वाक्य लिहून पोचवायची विनंती करा. चौघांना एकाच मेलमध्ये सीसी करायचं असेल तर पण हेच, प्रत्येकाला एक वाक्य.

इंटरव्ह्यूच्या दिवशी रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाठवून मोकळे व्हा.

आणि हे सगळं खाजगी कंपन्यांसाठी हं. सरकारी भरतीचा इंटरव्ह्यू असेल तर पॅनेलमधल्या कोणालाही स्वतंत्र मेल किंवा व्हॉट्सॲप करू नका. अशा जाहिरातींमध्ये बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेलं असतं की कोणत्याही प्रकारे वशिला लावायचा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र ठरेल, आणि तुमचा साधा आभाराचा मेलही त्यात धरला जाऊ शकतो. तिथे खोलीतून उठताना सगळ्यांकडे बघून धन्यवाद म्हणा आणि बाहेर या.