नेट ९४ वरच अडकलंय? निळी आणि तपकिरी जोडी आधी बघा, या चुका टाळा

३०० चा प्लॅन घेतलाय, वायफायवर राउटरजवळ २८० दिसतात आणि केबल लावलेल्या कॉम्प्युटरवर मात्र ९४च्या वर काटा जात नाही, ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणी भागात फायबर आल्यापासून सारखी ऐकू येते. हा ९४ चा आकडा लक्षात ठेवा. १०० मेगाबिटच्या लिंकवर वरखर्च वजा जाता एवढंच हाती लागतं. म्हणजे नेट मंद नाही, घरातली केबलच १०० वर चालली आहे.

पहिली चूक म्हणजे लगेच नेटवाल्याला फोन लावणं. तो फायबरचा सिग्नल बघतो, "लाइन ओके आहे की" म्हणतो आणि जातो. त्याचं खोटं नसतं.

केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार पिळलेल्या जोड्या असतात. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी एवढ्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. गंमत अशी, की वेग किती ठेवायचा ही बोलणी दोन्ही यंत्रं नारिंगी-हिरव्यावरूनच करतात. दोघंही "गिगाबिट चालेल" म्हणतात, प्रत्यक्षात लिंक उभी करायला जातात, निळी किंवा तपकिरी जोडी साथ देत नाही आणि दोन-चार प्रयत्नांनंतर बहुतेक चिप मुकाट्याने १०० वर उतरतात. काही चिप उतरत नाहीत, तिथे लिंक सारखी तुटत-जुळत राहते. नारिंगी किंवा हिरवी तुटली असती, तर बहुतेक वेळा पोर्टचा दिवाच लागला नसता. त्यामुळे १०० वर नीट चालणारी केबल दोष कुठे शोधायचा हे स्वतःच सांगते.

अर्थात पोर्टच १०० चा नाही ना, हे आधी बघा. स्वस्त राउटर आणि बऱ्याच टीव्हींचे पोर्ट तेवढेच असतात. लिनक्सवर हे एका आदेशात कळतं (`eth0` च्या जागी आपल्या पोर्टचं नाव घाला):

```
ethtool eth0
```

`Speed: 100Mb/s` आहे, पण `Link partner advertised link modes` मध्ये `1000baseT/Full` दिसतंय आणि आपल्या बाजूच्या यादीतही ते आहे, तर संशय केबलवरच घ्या.

दुसरी चूक सेटिंगमधली. विंडोजमध्ये `1.0 Gbps Full Duplex` निवडून जबरदस्ती करतात. तांब्याच्या केबलवर गिगाबिट बोलणीशिवाय उभं राहत नाही. तुटलेली जोडी सेटिंगने जुळणार नाही, उलट चालू असलेली लिंक बंद पडेल.

खानापूरजवळच्या एका घरातली केस सांगतो. फायबरचा डबा खाली, मुलगा वर माडीवर काम करणारा, मधे भिंतीतल्या पाइपातून जुनी केबल. लॅपटॉप खाली छोट्या केबलने डब्याला लावला, तर गिगाबिट आलं. म्हणजे डबा, लॅपटॉप दोन्ही निर्दोष. लांब केबल टेस्टरला लावली, तर १, २, ३ आणि ६ एवढेच दिवे. वरचा कनेक्टर उजेडात धरून पाहिला, तर आत चारच तारा! निळी आणि तपकिरी बाहेरच्या आवरणाशी कापलेली. काका म्हणाले, "त्या तारांवर पूर्वी खालच्या टेलिफोनचं कनेक्शन वर नेलं होतं बघा." फोन कधीचा गेला, तारा तशाच राहिल्या.

वरचं टोक कापून आठही तारा घालून नवा कनेक्टर मारला. टेस्टरवर आठही दिवे लागले, तरी केबल हलवली की ७ नंबर लुकलुके. खालच्या कनेक्टरच्या पितळी पट्ट्या पावसाळी ओलीने हिरवट झाल्या होत्या आणि पांढरा-तपकिरी तार शेवटपर्यंत पोचलाच नव्हता. तेही टोक नव्याने केल्यावर लिंक १००० वर स्थिर झाली. एकच टोक बदलून थांबणं ही अशीच नेहमीची चूक.

क्रिंपिंगचा क्रम दोन्ही टोकांना हाच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. "दोन्हीकडे सारखे रंग लावले की झालं" म्हणून जोड्या ओळीने लावणारे भेटतात. तसं केलं, तर ३ आणि ६ वर दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा येतात. टेस्टर आठही दिवे दाखवतो, कारण तो फक्त तार सलग आहे का एवढंच बघतो. पीळ चुकलाय हे त्याला कळत नाही. पीळही साधारण अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नका.

दोन्ही टोकं नवी करूनही तीच जोडी मेलेली राहिली, तर तार भिंतीतच तुटलाय. तिथे जोडकाम करत बसू नका. पाइप मोकळा असेल, तर जुन्या केबलच्या टोकाला नवी घट्ट बांधा आणि दुसऱ्या बाजूने ओढून घ्या. नवी केबल पूर्ण तांब्याची मागा; तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार क्रिंप करतानाच मोडते.