उन्हाळ्यात कारागीर टिकवायचा असेल, तर आधी भट्टीमागची हवा बघा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की सावजी भोजनालयातला मुरलेला कारागीर काम सोडतो आणि कारण मात्र पगाराचे सांगतो, कारण उकाड्याची तक्रार करणे त्याला कमीपणाचे वाटते. त्याच दिवसांत लग्नाच्या स्वयंपाकाची रोजंदारीही खुणावत असते. दोन हजार वाढवूनही तो थांबला नाही, तर पगार हे मूळ दुखणे नव्हते, असे समजावे.

खिडकीबाहेर साधा डेझर्ट कूलर बसवून त्याची हवा कारागिराच्या पाठीवर येईल अशी सोडावी आणि भट्टीवरचा एक्झॉस्ट सोबतच चालू ठेवावा. एक्झॉस्ट बंद असला तर कूलरचा ओलावा आत कोंडतो आणि घुसमट उलट वाढते. शेगडीची ज्योत फडफडू लागली तर झोत तिरपा करावा. मसाला भाजण्याचे काम सकाळी आठच्या आत उरकावे, आणि दुपारी तीन ते सहा त्याला खरोखर मोकळे सोडावे. त्या वेळात कांदे निवडायला बसवले, तर ती सुट्टी त्याच्या हिशेबात धरली जात नाही. पावसाळी दमटपणात मात्र कूलर निरुपयोगी ठरतो, तेव्हा नुसता पंखा आणि एक्झॉस्ट पुरतो.