लॅमिनेट फ्लोअरिंगच्या फळ्या मोजताना या चुका टाळा

खोलीचं क्षेत्रफळ भागिले एका बॉक्समधलं क्षेत्रफळ, आलं उत्तर की दिली ऑर्डर. लॅमिनेटच्या कामात माल कमी पडतो तो बहुतेक वेळा याच हिशोबामुळे. चौरस फूट ही भाव ठरवायची भाषा आहे. फळ्या मोजायच्या असतील तर ओळी मोजाव्या लागतात.

आपल्याकडच्या टू-बीएचकेमधली ठराविक बेडरूम घेऊ. रुंदी ३३५० मिमी, लांबी ४०१० मिमी, म्हणजे साधारण अकरा बाय तेरा फूट. फळी १२१५ बाय १९५ मिमी, जाडी ८ मिमी, बॉक्समध्ये ८ फळ्या. एक बॉक्स १.८९५ चौरस मीटर, म्हणजे २०.४ चौरस फूट भरतो.

खोली १४४.६ चौरस फूट. भागाकार येतो ७.०९. इथे घाईचा माणूस म्हणतो, "भिंतीकडेनं गॅप सोडायचाच आहे, तेवढा वजा करा, सात बॉक्स पुरतात." चारी बाजूंनी १० मिमी वजा केले तर उत्तर खरोखर ७.०१ येतं आणि त्याला आणखी जोर चढतो. सात बॉक्स म्हणजे ५६ फळ्या.

आता त्याच खोलीत ओळी लावून बघा. गॅप वजा जाता जागा उरते ३३३० बाय ३९९० मिमी. फळ्या लांबीच्या दिशेनं टाकायच्या आहेत. ३३३० ला १९५ ने भागलं की १७ ओळी पूर्ण बसतात आणि थोडी पट्टी उरते. म्हणजे ओळी १८.

पहिल्या ओळीत तीन अख्ख्या फळ्या ३६४५ मिमी घेतात आणि ३४५ उरतात. चौथी फळी कापून ते भरायचे. तिचा ८७० मिमीचा तुकडा हातात राहतो, त्याने दुसरी ओळ सुरू करायची. पुढे दोन अख्ख्या फळ्या आणि शेवटी ६९० चा तुकडा. आता हातात राहतो ५२५ चा. त्याने तिसरी ओळ सुरू, पुन्हा दोन अख्ख्या, शेवटी १०३५. उरतो १८० मिमीचा तुकडा. (करवतीची पाती दर कापाला सुमारे ३ मिमी खाते, ते इथे सोडून दिलंय.) १८० मिमीच्या तुकड्याने ओळ सुरू करू नका, तो बाजूला ठेवा. ३०० मिमीपेक्षा लहान तुकडा टोकाला बसवला की पायाखाली हलतो आणि त्याचं लॉक, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकवणारी जीभ आणि खाच, आधी सुटतं. चौथी ओळ नव्या फळीने सुरू होते आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून चालतं.

तीन ओळींना लागल्या ४, ३ आणि ३, म्हणजे १० फळ्या. अठरा ओळींना ६०. हातात आहेत ५६.

पन्नास फळ्यांत पंधरा ओळी होतात, सोळावी चार घेते. सतरावीत आधीच्या ओळीचा तुकडा आणि दोन अख्ख्या फळ्या बसतात, आणि माल संपतो. त्या ओळीचं टोक आणि अख्खी अठरावी ओळ उघडी. मग दुकानात फोन जातो, त्या बॅचचा माल संपलेला असतो, आणि नव्या बॅचचा "वॉलनट" पहिल्यापेक्षा किंचित लालसर निघतो. ती ओळ नेमकी खिडकीखाली आली की रोज सकाळच्या उन्हात वेगळी दिसते. उरलेले १८० मिमीचे तुकडे जोडून वेळ मारून नेणारेही आहेत. तसं करू नका, त्या तुकड्यांच्या एकाच टोकाला लॉक असतं.

माझी पद्धत अशी: ओळींवरून निघालेल्या ६० फळ्या, दाराच्या चौकटीखाली फ्लोअर पुढे जातं तिथे १, आणि कापताना किंवा लॉक ठोकताना वाया जाणाऱ्या २. झाल्या ६३. म्हणजे आठ बॉक्स, ६४ फळ्या. दहा टक्के वेस्टेज धरलं असतं तरी या खोलीला आठच बॉक्स आले असते. त्या नियमाला माझा विरोध नाही. पण तो का पुरतो किंवा का पुरत नाही हे ओळी काढल्याशिवाय कळत नाही. तिरकी मांडणी करायची असेल तर दहा टक्क्यांवर अजिबात विसंबू नका, पंधरा धरा.

शेवटच्या ओळीची पट्टी

ही चूक मला सर्वात जास्त खटकते, कारण ती पहिली फळी ठेवतानाच होते आणि दिसते शेवटच्या तासाला.

वरच्या खोलीत १७ ओळी ३३१५ मिमी घेतात. जागा ३३३० ची आहे. म्हणजे अठराव्या ओळीला फळी उभी चिरून १५ मिमीची पट्टी बसवायची. लॉकचा भाग वगळला तर तिच्यात काही उरतच नाही. ती बसवताना तुटते. बसलीच तर डिंकावर तग धरते, आणि स्कर्टिंग लावली की तिचा थोडाच भाग झाकला जातो. भिंत जराही तिरकी असेल तर एका टोकाला ती १५ आणि दुसऱ्या टोकाला ५ मिमी होते. आपल्याकडे भिंती तिरक्याच असतात.

उपाय सुरुवातीला करायचा. एक अख्खी ओळ आणि उरलेली पट्टी यांची बेरीज करा: १९५ अधिक १५, म्हणजे २१०. त्याचे निम्मे १०५. पहिली ओळ भिंतीकडून चिरून १०५ मिमीची ठेवा, मध्ये १६ अख्ख्या ओळी, आणि शेवटची पुन्हा १०५. बेरीज ३३३० बरोबर येते. भिंत एका टोकाला १० मिमीने आत आली तरी शेवटची ओळ १०५ वरून ९५ होते, ते कुणाच्या डोळ्याला येत नाही. फळ्यांची संख्या बदलत नाही. पहिल्या ओळीतून निघालेली पट्टी शेवटच्या ओळीला वापरता येईल असं मात्र धरू नका. एका १९५ च्या फळीतून १०५ च्या दोन पट्ट्या निघत नाहीत.

शेवटची ओळ ५० मिमीपेक्षा अरुंद येत असेल तर हे करायलाच हवं. गॅप यात फार मोठी भूमिका बजावतो. चौरस फुटांत तो जेमतेम दीड फूट वाचवतो, पण शेवटच्या ओळीचं माप तोच ठरवतो. गॅप न वजा करता हिशोब केला असता तर पट्टी ३५ मिमीची वाटली असती.

कधी कधी गॅपच ओळ वाचवतो. याच लांबीचा १००० मिमी रुंद पॅसेज घ्या. दोन्हीकडे १० मिमी सोडले तर पाच ओळींनंतर ५ मिमी उरतात आणि कागदावर सहावी ओळ लागते, म्हणजे २० फळ्या. तिथे गॅप १० ऐवजी साडेबारा ठेवा. पाच ओळी नेमक्या बसतात आणि १७ फळ्यांत काम होतं. १५ मिमी जाडीची स्कर्टिंग तेवढा गॅप झाकते. बेडरूममध्ये हीच युक्ती केली तर गॅप साडेसतरा होतो आणि स्कर्टिंगच्या बाहेर डोकावतो. म्हणून तिथे ओळ चिरणंच बरोबर.

टेप कुठे लावायची

बहुतेक फ्लॅटमध्ये आधीची टाइलची स्कर्टिंग प्लास्टरच्या पुढे आलेली असते. ती काढणार नसाल तर माप स्कर्टिंगपासून स्कर्टिंगपर्यंत, जमिनीलगत घ्या. छातीच्या उंचीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत घेतलेलं माप वीसेक मिमी जास्त येऊ शकतं, आणि वर पाहिलंत की १५ मिमीवर सगळा खेळ फिरतो. रुंदी तीन ठिकाणी मोजा आणि ओळींच्या हिशोबाला सर्वात कमी आलेलं माप धरा. बिल्डरच्या ब्रोशरमधलं माप वापरूच नका.

फळीची रुंदी बॉक्सवर छापलेली घ्या. फळीला टेप लावली की लॉकची जीभही मोजली जाते, आणि ती पुढच्या फळीत आत जाते.

गॅप सोडला, पण भरून टाकला

८ मिमीच्या फळीचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो. हवेतला ओलावा शोषून तो रुंदावतो. मे महिन्यात, कोरड्या हवेत भिंतीला टेकवून बसवलेलं फ्लोअर जुलैत जागा शोधतं. जागा नसेल तर मधोमध वर उचलतं. पाय दिला की खाली जातं, काढला की पुन्हा वर येतं, किंवा सांध्यांच्या कडा टोपीसारख्या उभ्या राहतात. कोकणपट्टीत आणि मुंबईत हे लवकर दिसतं.

अशा वेळी फिटर म्हणतो गॅप सोडला होता, आणि ते खरंही असतं. पण नंतर पेंटरने त्यात पुट्टी भरली, कुणी सिलिकॉन मारलं, किंवा बसवताना लावलेल्या पाचरी काढायच्या राहिल्या. सर्वात जास्त वेळा फ्लोअर अडकलेलं सापडतं दाराच्या चौकटीपाशी, कारण चौकट खालून न कापता फळी तिच्या आकारात कोरून घट्ट बसवलेली असते. फ्लोअरच्या आरपार स्क्रू मारून जमिनीला बसवलेलं वॉर्डरोबही तेच करतं.

उचललेल्या जागेवर वजन ठेवून उपयोग नाही. स्कर्टिंग काढा, चारी बाजूंनी गॅपमध्ये पट्टी घालून फिरवा. जिथे ती अडेल तिथे फळी भिंतीला टेकलेली आहे. तिथे मल्टिटूलने १० मिमी कापून मोकळं करा आणि फ्लोअरला काही दिवस द्या. लॉक तुटलेलं नसेल तर ते आपोआप खाली बसतं. स्कर्टिंग पुन्हा लावताना खिळे भिंतीत मारा, फळीत कधीच नाही.

बॉक्स खोलीत आणल्यावर ४८ तास आडवे, बंद ठेवा. उभे ठेवले तर फळ्या वाकतात. ओल्या रंगकामाच्या खोलीत ठेवायचे नाहीत.

टोकाची फळी उलट बाजूने कापणं, हे नवशिक्यांचं फळ्या वाया घालवायचं ठरलेलं ठिकाण. कापलेली बाजू नेहमी भिंतीकडे जाते, लॉकची बाजू फळीकडे. म्हणून शेवटची फळी टोकाकडून टोकाकडे फिरवून ओळीशेजारी ठेवायची, मग खूण करायची.

फळ्यांखाली अंथरायच्या फोमचा हिशोब वेगळा करा. त्याच्या रोलची रुंदी खोलीशी क्वचितच जुळते.

ऑर्डर देताना सगळ्या बॉक्सवर एकच बॅच नंबर आहे हे डिलिव्हरीच्या वेळी बघा, गाडी जाण्यापूर्वी. बसवताना तीन बॉक्स एकदम उघडून त्यांतल्या फळ्या मिसळा, म्हणजे शेडचा बारीक फरक विखुरतो. उरलेल्या फळ्या आणि ३०० मिमीपेक्षा मोठे तुकडे पलंगाखाली आडवे ठेवा, बॉक्सचं लेबल त्यांच्यासोबत. त्या शेडचं उत्पादन बंद झालं की दुरुस्तीला दुसरं काही मिळत नाही.