लॅब रिपोर्टच्या फोटोवरून तक्ता करताना या चुका टाळा

आईच्या रक्ताच्या तपासण्या दर तीन महिन्यांनी होतात. ते सगळे आकडे एका ठिकाणी दिसावेत म्हणून मी रिपोर्टचे फोटो काढून, त्यातला मजकूर फोनने वाचून घेऊन तक्ता करते. एकदा त्या तक्त्यात तिचं हिमोग्लोबिन १४.८ आलं आणि तिच्यासाठी छापलेल्या १२.० ते १५.० या रेंजमध्ये ते नीट बसलं. कागदावर मात्र ११.८ होतं. घडी नेमकी त्या आकड्यावरून गेली होती, त्यामुळे १ चा ४ वाचला गेला आणि लाल व्हायला हवी होती ती ओळ गुपचूप नॉर्मल झाली. तेव्हापासून रिपोर्टच्या आकड्यांची आपसात पडताळणी केल्याशिवाय मी तक्ता पूर्ण झाला असं म्हणत नाही.

आकडा वाचला, पण पडताळला नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. १४.८ हा आकडा बघून कोणालाही शंका येणार नाही. पण सीबीसी या रक्तपेशींच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये काही आकडे इतर आकड्यांवरून काढलेले असतात, त्यामुळे हिशेब करून चूक पकडता येते.

त्या रिपोर्टमध्ये आरबीसी ४.३६, हिमॅटोक्रिट ३६.२, एमसीव्ही ८३.०, एमसीएच २७.१ आणि एमसीएचसी ३२.६ असं छापलं होतं. यांची नाती अशी:

```
MCV  = HCT / RBC × 10
MCH  = Hb  / RBC × 10
MCHC = Hb  / HCT × 100
```

एमसीव्ही काढला तर ३६.२ ÷ ४.३६ × १० = ८३.०, म्हणजे छापल्याप्रमाणेच. याचा अर्थ आरबीसी आणि हिमॅटोक्रिट बरोबर वाचले गेलेत. आता १४.८ धरून एमसीएच काढला तर ३३.९ येतो, छापलाय २७.१. एमसीएचसी ४०.९ येतो, छापलाय ३२.६. दोन हिशेब चुकले आणि त्या दोन्हींत नव्याने आलेला आकडा एकच, हिमोग्लोबिन. म्हणजे फोटोत नेमकं कुठे बघायचं तेही कळलं. ११.८ घातल्यावर २७.१ आणि ३२.६ बरोबर जुळतात. शेवटच्या अंकात एक-दोनाचा फरक पडला तर सोडून द्यावा, कारण छापताना आकडे जवळच्या दशांशावर आणलेले असतात.

दशांश चिन्ह गळून ११.८ चं ११८ झालं तर ते डोळ्यांनाही दिसतं. खरी भीती पटण्यासारख्या चुकीच्या आकड्याची असते, म्हणून सगळं ठीक दिसत असलं तरी हा हिशेब करावा. इतर तपासण्यांतही अशी नाती असतात: डायरेक्ट आणि इनडायरेक्ट बिलिरुबिनची बेरीज म्हणजे टोटल बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिनची बेरीज म्हणजे टोटल प्रोटीन.

ओळी एकने सरकल्या

बऱ्याच रिपोर्टमध्ये तपासणीच्या नावाखाली बारीक अक्षरात पद्धतीचं नाव असतं. मजकूर वाचणारं अ‍ॅप तीही एक ओळ धरतं. मग डावीकडे ओळी जास्त, उजवीकडे आकडे कमी, आणि निकाल एक घर वर सरकतात. फोटो तिरका असला तरी हेच होतं.

इथे बेरजेवर विसंबू नका. पांढऱ्या पेशींच्या प्रकारांचे टक्के घ्या: न्यूट्रोफिल ६२, लिम्फोसाइट २८, इओसिनोफिल ४, मोनोसाइट ६ आणि बेसोफिल ० यांची बेरीज १०० होते. पण इओसिनोफिल आणि मोनोसाइटचे आकडे अदलाबदल झाले तरी बेरीज १००च राहते. अशा वेळी अ‍ॅब्सोल्यूट काउंट, म्हणजे टक्क्यांऐवजी त्या पेशींची प्रत्यक्ष संख्या, कामाला येतो. एकूण पांढऱ्या पेशी ७,४०० असतील तर इओसिनोफिलचे ४ टक्के म्हणजे २९६. रिपोर्टवर जवळपास तेवढाच अ‍ॅब्सोल्यूट काउंट असेल तर ओळ जागेवर आहे, ४४४ असेल तर सरकली आहे. अ‍ॅब्सोल्यूट काउंट छापलेलाच नसेल तर प्रत्येक ओळीत नाव, निकाल आणि युनिट एकमेकांना शोभतात का हे बोट ठेवून बघावं लागतं. त्याला दुसरा मार्ग नाही.

रेंज एकाच खान्यात टाकली

निकाल बरोबर असूनही खुणा चुकतात, त्याचं कारण बहुतेकदा हे असतं. इओसिनोफिलची रेंज `1-6` किंवा मोनोसाइटची `2-10` स्प्रेडशीटमध्ये चिकटवली की ती तारीख होऊन बसते. `20-40` ला काही होत नाही, म्हणून तक्ता वरवर बरा दिसतो आणि दोनच ओळी बिघडलेल्या राहतात. उपाय सोपा आहे: खालची मर्यादा एका रकान्यात, वरची दुसऱ्यात, आणि छापलेली रेंज जशीच्या तशी तिसऱ्यात, पण तो रकाना आधीच मजकुराचा करून.

`<200` किंवा `>40` अशा एका बाजूच्या रेंजमध्ये चिन्ह गळालं तर अर्थच उलटतो. टोटल कोलेस्टेरॉलला वरची मर्यादा असते आणि एचडीएलला खालची, म्हणून एचडीएलचा ४० चुकून वरच्या मर्यादेत गेला तर चांगल्या निकालावर लाल खूण येते. जी बाजू छापलेली नाही तो खाना रिकामा ठेवा, शून्य टाकू नका.

आणखी एक, आकड्यासारखा दिसणारा मजकूर. `11.8` च्या मागे-पुढे नको असलेलं चिन्ह राहिलं तर स्प्रेडशीट त्याला मजकूर समजतं, आणि तुलनेत मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा ठरतो. कमी असलेल्या हिमोग्लोबिनपुढे `H`, म्हणजे जास्त असल्याची खूण, दिसली तर आधी हेच तपासा. बी मध्ये निकाल, डी मध्ये खालची आणि ई मध्ये वरची मर्यादा असेल तर मी हे सूत्र वापरते:

```
=IF(NOT(ISNUMBER(B2)),"तपासा",
 IF(AND(D2<>"",B2<D2),"L",
 IF(AND(E2<>"",B2>E2),"H","")))
```

`<0.5` किंवा निगेटिव्ह असे निकाल यात "तपासा" म्हणून बाहेर पडतात, ते हाताने बघायचे. सीमेवरचा आकडा यात नॉर्मल धरला जातो. १५० ते ४१० मध्ये १५० ला ते बरोबर आहे, पण रेंज `<200` असेल आणि निकाल नेमका २०० असेल तर खूण हाताने करावी लागते.

युनिट आणि रेंज दुसरीकडून आणली

`10³/µL` मधला वरचा ३ खाली उतरून `103/µL` होतो, हे नेहमीचंच. एका रिपोर्टवर प्लेटलेट २४५ आणि दुसऱ्यावर २,४५,००० असेल तर रक्त तेच असतं, फक्त युनिट वेगळं असतं. बदलायचं तर निकाल आणि दोन्ही मर्यादा एकत्र बदला.

रेंज त्याच कागदावरची घ्या. यंत्र आणि पद्धत बदलली की रेंजही बदलते. पुरुष, स्त्री, मुलं अशा ओळी एकाखाली एक असतील तर योग्य ती आधीच निवडून ठेवा. रिपोर्टवर जुन्या निकालाचा रकाना असला तर तोही नजरेआड करू नका, त्यातला आकडा आजचा म्हणून तक्त्यात येऊ शकतो.

शेवटी लॅबने स्वतः केलेल्या खुणा, म्हणजे ठळक आकडे, तारांकन किंवा `H` आणि `L`, माझ्या खुणांशी ताडून बघते. फरक पडला तर सूत्राला हात लावण्याआधी फोटो मोठा करून ती ओळ पुन्हा वाचते. डॉक्टरांकडे जाताना तक्त्याच्या मागे मूळ रिपोर्ट लावलेला असतो, कारण खूण फक्त आकडा रेंजबाहेर आहे एवढंच सांगते. रेंज सहसा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते, त्यामुळे वीस-बावीस तपासण्यांच्या तक्त्यात एखादी खूण धडधाकट माणसालाही येते.