व्ह्यूज तेवढेच, मग पैसे कमी का? या चुका टाळा

दर जानेवारीत सोलापुरातल्या दोन-चार यूट्यूबर पोरांचा तोच प्रश्न येतो: व्ह्यूज जागच्या जागी आहेत, पण कमाई निम्म्यावर आली. बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं. ‘दिवाळी-डिसेंबर संपला, जाहिरातींचे रेट पडले.’ रेट पडतात हे खरं. पण किती पडले, हे न बघता सगळं खापर त्यांच्यावर फोडणं ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक.

पैसे व्ह्यूवर मिळत नाहीत. ज्या व्ह्यूमध्ये निदान एक जाहिरात दिसली, तेवढाच ‘मॉनेटाइज्ड प्लेबॅक’. सुरुवातीची जाहिरात बघूनच प्रेक्षक निघून गेला, तरी तो यात धरला जातो. कधी त्या प्रेक्षकासाठी योग्य जाहिरातच नसते, कोणी ॲड ब्लॉकर लावलेला असतो, कोणाकडे प्रीमियम असतं (त्याचे पैसे वेगळ्या वाटेने येतात). म्हणून हा आकडा व्ह्यूजपेक्षा कायम कमीच असतो. त्यात बिघाड काही नाही.

पूर्व भागातल्या एका पोराचं उदाहरण सांगतो. चॅनल शेंगा चटणी, कडक भाकरी, हुरडा अशा खाण्याचं, व्हिडिओ दहा-बारा मिनिटांचे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत त्याने नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरची गर्दी, दारूकाम असे भरपूर शॉर्ट्स टाकले. डिसेंबरात 2 लाख व्ह्यूज, जानेवारीतही 2 लाखच. लांब व्हिडिओंच्या जाहिरातींची कमाई मात्र 4,400 वरून 1,771 रुपयांवर. ‘दादा, रेटच मेला,’ म्हणत त्याने रातोरात सगळ्या जुन्या व्हिडिओंत दर मिनिटाला मिड-रोल, म्हणजे व्हिडिओच्या मधेच लागणारी जाहिरात घुसवली. प्रेक्षक मधेच उठून जायला लागले. आकडे न बघता असा हात घालणाऱ्यांचा मला खरोखर त्रास होतो, कारण पळालेला प्रेक्षक सहज परत येत नाही.

मी कॉम्प्युटरवर YouTube Studio उघडायला लावलं. Analytics मध्ये Revenue, तिथून Advanced mode. आकड्यांमध्ये Views, Estimated monetized playbacks आणि Playback-based CPM हे तीन घेतले, आणि Content type च्या फिल्टरने व्हिडिओ व शॉर्ट्स वेगळे केले. मग चित्र उघडं पडलं. डिसेंबरात लांब व्हिडिओंचे व्ह्यूज 1,60,000 आणि मॉनेटाइज्ड प्लेबॅक 80,000 होते. जानेवारीत तेच 70,000 आणि 35,000. बाकीचे 1,30,000 व्ह्यूज शॉर्ट्सचे. म्हणजे दोन्ही महिन्यांत निम्म्या व्ह्यूजवर जाहिरात लागत होती. व्हिडिओंत दोष नव्हता, मिड-रोल वाढवण्याचं कारणच नव्हतं.

आता रेट, म्हणजे Playback-based CPM. दर हजार मॉनेटाइज्ड प्लेबॅकमागे डिसेंबरात 100 रुपये, जानेवारीत 92. जाहिरातदार देतो ती ही रक्कम. लांब व्हिडिओवर निर्मात्याला तिचा 55 टक्के वाटा मिळतो. रेट 100 च राहिला असता, तर 35,000 प्लेबॅकवर 1,925 रुपये आले असते. म्हणजे 2,629 रुपयांच्या घटीत रेटचा हिस्सा फक्त 154 रुपयांचा. उरलेले 2,475 रुपये प्लेबॅक घटल्यामुळे गेले.

शॉर्ट्सचं गणितच निराळं. तिथली जाहिरात दोन शॉर्ट्सच्या मधे लागते, कोणा एकाच्या व्हिडिओवर नाही. पैसे एकत्र जमतात आणि आपल्या वाट्याला आलेल्या रकमेतून 45 टक्के हातात येतात. शिवाय 31 मार्च 2025 पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजला जातो. कमाई मात्र Engaged views वर, म्हणजे प्रेक्षक पुढे बघत राहिला अशा व्ह्यूजवर ठरते. त्यामुळे शॉर्ट्सचे व्ह्यूज लांब व्हिडिओंच्या व्ह्यूजमध्ये मिसळून महिन्याची तुलना करू नका.

प्लेबॅकचं व्ह्यूजशी प्रमाणच घसरलं असेल, तर शोध वेगळीकडे घ्यायचा. तेव्हा मी एकेक व्हिडिओ तपासतो: जाहिराती मर्यादित झाल्याचं पिवळं चिन्ह आलंय का, जाहिराती चुकून बंद राहिल्यात का. मिरवणुकीतल्या डीजेच्या गाण्यावर कॉपीराइट क्लेम आला असेल, तर त्या व्हिडिओचे पैसे हक्कदाराकडे जाऊ शकतात, व्ह्यूज तुमच्या खात्यात दिसत राहतात.

RPM, म्हणजे दर हजार व्ह्यूजमागे तुमच्या हातात येणारी रक्कम, तिच्यावरून रेट ओळखू नका. त्यात जाहिरात न लागलेले व्ह्यूजही भागाकाराला असतात, त्यामुळे शॉर्ट्स वाढले की रेट तसाच असूनही RPM कोसळतो.

कालच्या-परवाच्या कमाईवरून घाबरू नका, ते आकडे दोनेक दिवस उशिरा येतात. मी पूर्ण महिन्याशी पूर्ण महिनाच लावतो.

मित्रांना जाहिराती बघायला बसवू नका. असे पैसे कापले जातात, आणि चॅनलचं मॉनेटायझेशनही जाऊ शकतं.

त्या पोराने मिड-रोल पूर्वीसारखे केले आणि यात्रेच्याच उरलेल्या फुटेजमधून गड्ड्यातल्या खाण्याचा एक लांब व्हिडिओ बांधायला घेतला. आठ मिनिटांच्या वर, म्हणजे मिड-रोलला जागा राहते. पण मिड-रोल दोनच, आणि तेही पदार्थ बदलताना.